आतला लूप संपेपर्यंत

सी भाषा शिकायला लागलं की थोड्याच दिवसांत स्टारचा त्रिकोण समोर येतो. पहिल्या ओळीत एक स्टार, दुसरीत दोन, तिसरीत तीन, चौथीत चार. तो छापणारा कोड एवढाच:

```c
for (i = 1; i <= 4; i++) {
    for (j = 1; j <= i; j++) {
        printf("*");
    }
    printf("\n");
}
```

हा कोड पाठ होतो, पण त्याचा अर्थ अनेकांच्या हातून निसटतो. वहीवर ड्राय रन करायला सांगितलं की बरीच मुलं लिहितात: `i` एक, `j` एक, `i` दोन, `j` दोन, `i` तीन, `j` तीन. दोघं हातात हात घालून चालल्यासारखे. तसं असतं तर सगळे मिळून चारच स्टार पडले असते. पडतात मात्र दहा.

म्हणून एक ओळ अगदी सावकाश चालून बघू. समजा बाहेरच्या लूपमध्ये `i` आता ३ झाला आहे. आतला लूप सुरू होतो आणि `j` ला १ देतो. १ हा ३ पेक्षा मोठा नाही, म्हणून एक स्टार पडतो. `j` दोन होतो, दुसरा स्टार. `j` तीन होतो, तिसरा स्टार. मग `j` चार होतो, अट पुन्हा तपासली जाते आणि या वेळी ती खोटी ठरते. आतला लूप तिथे संपतो. या सगळ्या वेळात `i` जागचा हललेला नाही, तो ३ वरच आहे. आता `printf("\n")` चालतं, कर्सर पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जातो, आणि त्यानंतरच `i` चार होतो. आतला लूप पुन्हा नव्याने सुरू होतो, म्हणजे `j` परत १ पासून.

ठिपक्यांची रांगोळी घालणारा हात हवा तर मागे जाऊन एखादा ठिपका वाढवू शकतो. इथे तशी सोय नाही. साधं `printf` डावीकडून उजवीकडे छापत जातं आणि ओळ बदलली की आपला कोड मागच्या ओळीकडे वळत नाही. त्यामुळे ओळीतले सगळे स्टार ओळ सोडण्याआधीच पडायला हवेत. आतला लूप पूर्ण झाल्याशिवाय बाहेरचा पुढे सरकत नाही, हे त्यामुळे डोळ्यांनी दिसतं. मला हा त्रिकोण शिकवायला आवडतो तो यासाठीच.

या कोडमधली सर्वांत मोलाची जागा म्हणजे आतल्या लूपमधलं `j = 1`. ते तिथून उचलून दोन्ही लूपच्या आधी ठेवून पाहा:

```c
j = 1;
for (i = 1; i <= 4; i++) {
    for (; j <= i; j++) {
        printf("*");
    }
    printf("\n");
}
```

पहिल्या ओळीत एक स्टार पडतो आणि `j` दोनवर थांबतो. दुसऱ्या ओळीत तो दोनपासूनच निघतो, एक स्टार छापतो आणि तीनवर थांबतो. पुढेही तेच. पडद्यावर एकाखाली एक चार स्टार उभे राहतात. मुलांनी वहीत मांडलेली हातात हात घालून चाल ती हीच, फक्त ती चुकीच्या कोडची चाल आहे.

चुकलेलं आउटपुट म्हणूनच पुसून टाकण्याआधी मोजावं. उभ्या रांगेत चार स्टार असतील, तर `j` परत १ वर येत नाही. उभ्या रांगेत दहा असतील, तर `printf("\n")` आतल्या लूपमध्ये शिरलं आहे आणि प्रत्येक स्टारनंतर ओळ बदलते आहे. दहाही स्टार एकाच आडव्या ओळीत असतील, तर बहुधा बाहेरच्या लूपचा महिरपी कंस राहिला आहे. कोड कितीही नीट आत सरकवून लिहिलेला असो, सी त्या मोकळ्या जागेकडे बघत नाही. कंस नसेल तर बाहेरच्या लूपच्या वाट्याला फक्त आतला लूप येतो आणि नवी ओळ सगळं संपल्यावर एकदाच मिळते. आणि स्टार थांबायलाच तयार नसतील, तर आतल्या लूपमध्ये `j++` च्या जागी `i++` टाइप झालं आहे का ते बघावं. `j` एकावरच राहतो, `i` वाढत जातो आणि अट खोटी होण्याचं नाव घेत नाही. अशा वेळी `Ctrl+C` दाबून सुटका करून घ्यावी लागते.

स्टारची एक अडचण मात्र आहे. सगळे स्टार सारखेच दिसतात, त्यामुळे कुठला स्टार `j` च्या कुठल्या फेरीत पडला ते कळत नाही. मूळ कोडमध्ये स्टारऐवजी `j` ची किंमतच छापा, म्हणजे `printf("%d", j);` लिहा:

```
1
12
123
1234
```

प्रत्येक ओळ एकपासून सुरू झालेली दिसते. आता `j` च्या जागी `i` छापा:

```
1
22
333
4444
```

चौथ्या ओळीत आतला लूप १ पासून ४ पर्यंत गेला, तेवढ्या वेळात `i` चारवरच उभा होता.