एसटीत बसतो, मग ‘एटीएमात’ का जात नाही?

आपण एसटीत चढतो, यूपीत जातो, आयटीत नोकरी करतो. ‘एटीएमात’ किंवा ‘आयपीएलात’ मात्र कोणी म्हणत नाही. तिथे ‘एटीएममध्ये’, ‘आयपीएलमध्ये’ असेच तोंडी येते. हा फरक कुणी शिकवलेला नसतो, तरी बोलताना चूक होत नाही. लिहिताना, विशेषतः वाक्य लांबले की, ती होते. म्हणून जीभ जो नियम पाळते तो नीट समजून घ्यायला हवा.

मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते. घर या शब्दाला ‘त’ थेट लागत नाही. आधी ‘घरा’ होते, मग ‘घरात’. काही इंग्रजी शब्द इतके रुळले की त्यांनाही हे रूप मिळाले: टेबलावर, बँकेत. आद्याक्षरांच्या संक्षेपांना मात्र आपण ते सहसा देत नाही. ‘एटीएमा’ केले की शेवटचे अक्षर ‘एम’ राहत नाही आणि संक्षेपाची ओळखच बिघडते. म्हणून ने, ला, चा हे प्रत्यय संक्षेपाला जसेच्या तसे जोडतात: आरबीआयने, एटीएमला, युनिसेफचा. घोडा या शब्दाचे ‘घोड्याने’ होते, पण नासाचे ‘नासाने’च राहते.

‘त’ या प्रत्ययाला मात्र आधी स्वर लागतो. एसटी, यूपीएससी, इस्रो यांच्या शेवटी तो आयताच आहे, म्हणून एसटीत, यूपीएससीत, इस्रोत. एटीएम किंवा आयआयएम व्यंजनाच्या उच्चारावर संपतात आणि सामान्यरूप नसल्यामुळे स्वर मिळत नाही. तिथे ‘मध्ये’ मदतीला येते. निर्णय संक्षेपाच्या शेवटच्या उच्चारावर होतो, त्याच्या पूर्ण इंग्रजी नावावर नाही.

दुसरी अडचण अनेकवचनाची. अनेकवचनी सामान्यरूपाला प्रत्यय लागताना अनुस्वार द्यावा, हा शुद्धलेखनाचा नियम आदरार्थी बहुवचनालाही लागू आहे, म्हणून ‘राज्यपालांनी’. तोच न्याय संक्षेपांनाही लावायचा. समाजगटाबद्दल लिहिताना ‘ओबीसींना’, अधिकाऱ्याबद्दल आदराने लिहिताना ‘सीईओंनी’. शेवटी व्यंजन असेल तर पंचाईत होते: ‘पीएसआयना’, ‘पीएसआयंना’ की ‘पीएसआयांना’? अशा वेळी संक्षेपाशेजारी मराठी नाम ठेवावे आणि प्रत्यय त्याला द्यावा: ‘पीएसआय अधिकाऱ्यांना’. वाक्य सरळ होते आणि अनेकवचनही स्पष्ट दिसते.

लांब परिच्छेदात सर्वांत जास्त फसगत ‘चा’ आणि ‘च्या’ यांत होते. ‘आयपीएलचा सामना’ बरोबर. पण सामना या नामाला प्रत्यय लागला की ‘चा’चाही ‘च्या’ होतो: ‘आयपीएलच्या सामन्यात’. दोन शब्द शेजारी असताना हे सहज जमते. ‘आयपीएलचा गेल्या आठवड्यात पावसामुळे पुढे ढकललेल्या सामन्यात’ असे वाक्य मात्र हातून निसटते, कारण ‘सामन्यात’ येईपर्यंत आपण ‘चा’ विसरलेलो असतो. उपाय एकच: ‘चा’ ज्या नामाचा आहे ते शोधायचे, मधले शब्द झाकायचे आणि उरलेली जोडी वाचायची. ‘आयपीएलचा सामन्यात’ ऐकताच कान अडतो.

आता एक वाक्य तपासू:

‘जिल्हा परिषदेच्या सीईओने सर्व बीडीओला कळवले, की एसटी चा नव्या थांब्याजवळच्या एटीएमात रोकड नाही.’

सीईओ एकच असले तरी आदर दाखवायचा आहे, म्हणून ‘सीईओंनी’. बीडीओ अनेक आहेत, म्हणून ‘बीडीओंना’. ‘एसटी चा’मध्ये दोन दोष आहेत: प्रत्यय सुटा पडला आहे आणि पुढे ‘थांब्याजवळच्या’ असल्यामुळे ‘एसटीच्या’ हवे. शेवटी ‘एटीएममध्ये’. दुरुस्त वाक्य असे:

‘जिल्हा परिषदेच्या सीईओंनी सर्व बीडीओंना कळवले, की एसटीच्या नव्या थांब्याजवळच्या एटीएममध्ये रोकड नाही.’

प्रत्यय सुटा पडण्याचा दोष रोमन लिपीत संक्षेप लिहिताना जास्त होतो. कळफलक बदलताना जागा सुटते, आणि ओळ तिथेच संपली तर ‘मध्ये’ एकटे पुढच्या ओळीवर जाते. संक्षेप देवनागरीत लिहिला तर प्रत्यय त्याला आपोआप चिकटून येतो. टिंबेही वगळावीत, म्हणजे ‘एम.पी.एस.सी.ने’ऐवजी ‘एमपीएससीने’.

या नियमालाही मर्यादा आहे. एसटी आता इतकी घरची झाली आहे, की लोक सर्रास ‘एसट्या’ म्हणतात, आणि मग ‘एसट्यांना गर्दी’ हेही ओघाने येते. नदीचे ‘नद्यांना’ होते तसेच हे. जो संक्षेप लोकांच्या बोलण्यात असा विकार पावला, त्याला पूर्ण मराठी शब्दासारखे चालवावे. बाकीच्यांची अक्षरे शाबूत ठेवून प्रत्यय जोडावा.