लांबलचक स्क्रीनशॉटमधले फुकटे पट्टे

लांब लेखाचा स्क्रोल स्क्रीनशॉट काढला की दर परिच्छेद-दोन परिच्छेदांनी संकेतस्थळाचं नाव आणि मेनूचा तोच पट्टा पुन्हा डोकावतो. पान कितीही सरकवलं तरी वरचा हेडर पडद्याला चिकटून राहतो. स्क्रीनशॉट मात्र एकेक पडदा टिपून एकाखाली एक जोडलेला असतो, म्हणून प्रत्येक तुकड्यासोबत हेडरही येतो.

बाजूचे रकाने काढणं सोपं. वरपासून खालपर्यंत त्यांची रुंदी सारखीच असते, त्यामुळे कोणत्याही क्रॉपने ते एका फटक्यात जातात. खरी कटकट मधल्या पट्ट्यांची, कारण क्रॉप फक्त कडा कापतो. चित्राच्या पोटातला पट्टा काढायचा तर तो कापून वरचा-खालचा भाग पुन्हा जोडावा लागतो.

समजा, चित्र १२०० पिक्सेल रुंद आणि ३६०० उंच आहे. ९०० उंचीचे चार पडदे आणि प्रत्येकाच्या माथ्यावर १०० पिक्सेलचा हेडर. म्हणजे नको असलेले पट्टे वरून ९००, १८०० आणि २७०० पिक्सेलवर सुरू होतात. पहिला हेडर मी ठेवतो. मजकूर कुठला, हे त्यावरून कळतं. कापायला सुरुवात नेहमी खालून करावी. आधी ९०० वरचा पट्टा काढला, तर १८०० वरचा १७०० वर सरकतो आणि पुढची सगळी मापं चुकतात. संगणकावर इमेजमॅजिक हा मोफत प्रोग्राम असेल, तर हे एका आज्ञेत होतं:

```
magick lamb.png -chop 0x100+0+2700 -chop 0x100+0+1800 -chop 0x100+0+900 -crop 780x0+240+0 +repage lekh.png
```

शेवटच्या क्रॉपमध्ये डावीकडचा २४० पिक्सेलचा रकाना सोडून मजकुराचे ७८० पिक्सेल ठेवले आहेत. उजवीकडच्या जाहिराती आपोआप गेल्या. उरलेलं चित्र ३३०० उंच.

आता प्रत्येक सांधा वाचून पाहा. पट्ट्याच्या वरची शेवटची ओळ आणि खालची पहिली ओळ जुळली, तर टिपताना पान दरवेळी ८०० पिक्सेलच सरकलं होतं आणि काही हरवलेलं नाही. वाक्य मध्येच तुटलं असेल, तर पान पूर्ण ९०० सरकलं आणि १०० पिक्सेलचा मजकूर हेडरखाली झाकला गेला. तो चित्रात कधी आलाच नाही, मग कितीही सफाईने कापा, परत येणार नाही. एखादी ओळ दोनदा आली, तर उलटी गत: पान कमी सरकलं, तेव्हा तेवढा भाग आणखी कापायचा.

हा सांधा तपासण्याचा कंटाळा बहुतेक जण करतात, आणि मग अर्धवट वाक्यं पुढे पाठवली जातात. सांधा तुटलेला दिसला तर कापत बसू नका. फायरफॉक्समध्ये पान ‘रीडर व्ह्यू’मध्ये उघडा, हेडर आणि रकाने नाहीसे होतील, आणि मग नव्याने स्क्रीनशॉट काढा.