रोजची मीटिंग पंधरा मिनिटांत कशी संपवावी?

सॉफ्टवेअरच्या टीममध्ये रोज ठरलेल्या वेळी एक छोटी मीटिंग होते, तिला स्टँड-अप म्हणतात. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ‘स्क्रम’ या कार्यपद्धतीत तिला जास्तीत जास्त १५ मिनिटं दिलेली आहेत. ऑफिसात सगळे उभे राहायचे, पाय दुखायला लागले की बोलणं आपोआप आवरायचं. घरून काम करताना प्रत्येक जण खुर्चीत बसलेला असतो, त्यामुळे तो लगाम सुटला आणि मीटिंग अर्ध्यापाऊण तासावर गेली. एवढं बोलूनही कोणाचं काम कुठे अडलंय, हे कळत नाही ते नाहीच.

याचं कारण विचारण्याच्या पद्धतीत आहे. काल काय केलं, आज काय करणार, काही अडचण आहे का, हे तीन प्रश्न प्रत्येकाला क्रमाने विचारले जातात. साहजिकच माणूस साहेबाला हिशोब दिल्यासारखा बोलतो. आपण रिकामे बसलो नव्हतो हे पटवण्यात त्याची दोन-तीन मिनिटं जातात आणि शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं. नवख्या माणसाला तर अडचण सांगणं म्हणजे आपल्याला काम येत नाही अशी कबुली वाटते. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेतूनही २०२० च्या आवृत्तीत हे तीन प्रश्न काढून टाकले गेले.

त्याऐवजी माणसांची फेरी न घेता कामांची फेरी घ्यावी. काल-आजचा तपशील प्रत्येकाने मीटिंगच्या अर्धा तास आधी टीमच्या चॅटवर दोन ओळींत लिहायचा, तो मीटिंगमध्ये पुन्हा वाचायचा नाही. मीटिंगमध्ये स्क्रीनवर फक्त कामांचा बोर्ड ठेवायचा. त्यावर ‘करायचं’, ‘चालू’, ‘तपासणी’, ‘झालं’ असे रकाने असतात आणि प्रत्येक कामाचं एक कार्ड असतं. सुरुवात उजवीकडून, म्हणजे जवळजवळ संपलेल्या कामांपासून करायची. नवं काम हातात घेण्याआधी जुनं हातावेगळं व्हावं, हा त्यामागचा हेतू. प्रत्येक कार्डाला एकच प्रश्न : हे आज पुढच्या रकान्यात जायला कोणाची किंवा कशाची वाट बघावी लागतेय?

समजा, पुणे, नाशिक आणि कोल्हापुरात मिळून सहा जण आहेत आणि सातवा लंडनला. ऑनलाइन पैसे भरण्याच्या पानाचं कार्ड तीन दिवस ‘चालू’मध्येच आहे. ते काम करणारी कोल्हापूरची मुलगी रोज सांगते, ‘पेमेंटचं चालू आहे, बरंचसं झालंय.’ हे खोटं नाही, पण अपुरं आहे. टीमलीडने वरचा प्रश्न विचारला की ती म्हणते, ‘चाचणीसाठी बँकेकडून लॉगिन यायचंय. सोमवारी मेल केला, उत्तर नाही.’ बँकेशी संपर्क लंडनच्या माणसाचा. तो तिथल्या तिथे सांगतो, ‘आज दुपारी फोन करतो, चारच्या आत तुला कळवतो.’ लीड कार्डावर लाल खूण करून त्याचं नाव आणि वेळ लिहितो. हे सगळं मिनिटभरात उरकतं.

अडचण अशी नोंदवली तरच ती सुटते : काय अडलंय, कधीपासून, कोणाकडून काय हवंय आणि कधीपर्यंत. यातलं नाव गाळलं, तर मीटिंगमध्ये सगळे मान डोलावतात आणि काम जिथल्या तिथे राहतं.

लॉगिनचं सांगताना ती म्हणाली, ‘आणि ते रिफंडचं नीट कळलं नाही,’ तर त्यावर लगेच चर्चा सुरू करायची नाही. लीडने विषय टिपून ठेवायचा. मीटिंग संपली की ज्या दोघा-तिघांचा संबंध आहे त्यांनीच थांबून बोलायचं, बाकीच्यांनी कामाला लागायचं. स्टँड-अपमध्ये अडचण फक्त पुढे यावी. ती सोडवायला सगळ्यांना अडकवून ठेवायचं कारण नाही.

वेळही सोयीची हवी. भारतात दुपारचे अडीच वाजतात तेव्हा लंडनला उन्हाळ्यात सकाळचे दहा आणि हिवाळ्यात नऊ वाजलेले असतात, म्हणून या टीमला ती वेळ चालते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कोणी असेल, तर कोणाला तरी रोज अवेळी बसावं लागतं. अशा वेळी मीटिंग लेखीच ठेवावी. मात्र प्रत्येक अडचणीत मदत करणाऱ्याचं नाव घालावं आणि त्याने आपल्या दिवसाच्या सुरुवातीला उत्तर द्यावं, हा नियम पाळावा.

गाडी रुळावरून घसरतेय हे ओळखायला तीन खुणा पुरतात. एकाच कार्डावर सलग तीन दिवस तेच वाक्य ऐकू येतं, सगळे बोर्डाऐवजी लीडला उद्देशून बोलतात आणि आठवडाभर एकही अडचण पुढे येत नाही. तिसरी खूण सर्वांत चिंतेची, कारण सात जणांच्या कामात आठवडाभर काहीच अडलं नाही असं सहसा होत नाही. त्यावर उपाय एकच : उद्याच्या मीटिंगमध्ये टीमलीडने आधी स्वतःचं अडलेलं काम सांगावं आणि कोणाकडून मदत हवी ते नाव घेऊन मागावी.