ध्वनिरोधक भिंतीवरून काय निसटते?

महामार्गालगत किंवा उड्डाणपुलाच्या कठड्यावर उभारलेली ध्वनिरोधक भिंत सगळे आवाज सारखे अडवत नाही. टायरांची सळसळ, हॉर्नची किंचाळी, ब्रेकची करकर भिंतीमागे चांगलीच मावळते. मालट्रकच्या इंजिनाची घरघर मात्र बरीचशी तशीच राहते. भिंत पातळ आहे किंवा काम कच्चे झाले आहे, अशी शंका यावर सहज घेतली जाते. पण भिंत जाड काँक्रीटची आणि एकही फट नसलेली असली, तरी हा भेदभाव होतोच. कारण अशा भिंतीमागे पोचणारा बहुतेक आवाज भिंतीतून आलेला नसतो, तो तिच्या माथ्यावरून वळून आलेला असतो. अडथळ्याच्या कडेशी लाट अशी वळते, त्याला भौतिकशास्त्रात विवर्तन म्हणतात.

हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. म्हणून १००० हर्ट्झच्या सुराची एक लाट साधारण ३४ सेंटिमीटर लांब असते, ४००० हर्ट्झची साडेआठ सेंटिमीटर, तर १२५ हर्ट्झची पावणेतीन मीटर. सहा सिलिंडरचे ट्रकचे इंजिन मिनिटाला १२०० फेरे घेत असेल, तर त्यात सेकंदाला ६० स्फोट होतात आणि त्याच्या आवाजाचा मूळ सूर ६० हर्ट्झच्या आसपास बसतो. या सुराची तरंगलांबी पावणेसहा मीटर, म्हणजे नेहमीच्या ध्वनिरोधक भिंतीच्या उंचीहूनही जास्त. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी असते. त्यामुळे त्याच भिंतीची उन्हातली सावली रेखीव पडते, आणि आवाजाची ‘सावली’ मात्र धूसर राहते. ती किती धूसर, हे तरंगलांबीवर ठरते.

पण लांब लाट जास्त का वळते? ‘ती मोठी असते म्हणून’ हे उत्तर अर्धवट आहे. खरा खुलासा सतराव्या शतकातल्या ख्रिस्तियान हायगेन्सच्या कल्पनेतून निघतो आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ओग्युस्तँ फ्रेनेल याने तिला दिलेल्या गणिती रूपात तो पुरा होतो. पुढे सरकणाऱ्या लाटेचा प्रत्येक बिंदू स्वतःच एक छोटा ध्वनिस्रोत असतो, आणि त्या सगळ्यांतून निघालेल्या लहरींची बेरीज म्हणजेच पुढची लाट. भिंतीच्या माथ्यापर्यंतचे बिंदू भिंत झाकून टाकते. माथ्यावरच्या मोकळ्या हवेतले बिंदू शिल्लक राहतात. भिंतीमागे उभ्या माणसाला जे ऐकू येते, ती या उरलेल्या बिंदूंची बेरीज असते.

या बेरजेत वजाबाकीही दडलेली आहे. माथ्यालगतच्या बिंदूपासून कानापर्यंतची वाट सर्वांत छोटी असते. जसजसे वर जावे, तसतशी वाट लांबत जाते. एखाद्या उंचीवरची वाट माथ्यावरच्या वाटेपेक्षा बरोबर अर्ध्या तरंगलांबीने लांब झाली, की तिथून आलेली लहर माथ्यावरून आलेल्या लहरीच्या नेमकी उलट पडते: एकीचा दाब चढतो तेव्हा दुसरीचा उतरतो. मोकळ्या हवेचे असे आडवे पट्टे कल्पिले, की पहिला पट्टा आवाजात भर घालतो, दुसरा त्यातून वजा करतो, तिसरा पुन्हा भर घालतो. शेजारचे पट्टे एकमेकांना खोडत जातात आणि शेवटी पहिल्या पट्ट्याचा सुमारे अर्धा वाटा तेवढा उरतो. भिंतीमागे येणारा आवाज म्हणजे हा न खोडला गेलेला अर्धा पट्टा.

म्हणून प्रश्न पहिला पट्टा किती रुंद, एवढाच राहतो. एक साधी रचना घेऊन ते मोजता येते. ध्वनीचा उगम रस्त्यापासून अर्धा मीटर वर आहे. त्याच्यापासून ५ मीटरवर ३ मीटर उंच भिंत आहे. भिंतीमागे २० मीटरवर माणूस उभा आहे आणि त्याचे कान जमिनीपासून दीड मीटर वर आहेत. या मांडणीत ४००० हर्ट्झसाठी पहिला पट्टा माथ्यावर जेमतेम ८ सेंटिमीटरचा असतो. १००० हर्ट्झसाठी तो सुमारे ३१ सेंटिमीटर होतो, आणि १२५ हर्ट्झसाठी जवळजवळ २ मीटर. टिपेच्या सुराला भिंतीवर एक चिंचोळी फट मिळते, खर्जाच्या सुराला अख्ख्या दारासारखी जागा. भिंत दोघांनाही तीच, पण तिच्या माथ्यावरून वाट देणारी उघडी जागा वेगवेगळी.

याच मांडणीतून भिंतीची कामगिरी आकड्यांत काढता येते. उगमापासून माथ्यापर्यंत आणि माथ्यापासून कानापर्यंत, अशी वळसा घालून जाणारी वाट इथे २५.६५ मीटर भरते. भिंत नसती तर सरळ वाट २५.०२ मीटर असती. वळशाने वाट ६३ सेंटिमीटरने वाढली. हा वाढीव भाग अर्ध्या तरंगलांबीच्या किती पट आहे, याला फ्रेनेल संख्या म्हणतात. ध्वनिरोधक भिंतीच्या गणितात तिच्याइतकी महत्त्वाची दुसरी संख्या नाही. १२५ हर्ट्झला ती अर्ध्याच्याही किंचित खाली येते, १००० हर्ट्झला सुमारे साडेतीन, आणि ४००० हर्ट्झला साडेचौदा.

जपानमधल्या कोबे विद्यापीठातले जुनइची माएकावा यांनी अडथळ्यामागचा आवाज प्रत्यक्ष मोजून फ्रेनेल संख्येवरून घट सांगणारा आलेख १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. अभियंते आजही अंदाजासाठी त्याचा आधार घेतात. त्या आलेखाला जुळणाऱ्या सोप्या सूत्राने वरच्या भिंतीची घट अशी येते: १२५ हर्ट्झला सुमारे ११ डेसिबल, १००० हर्ट्झला सुमारे १९, आणि ४००० हर्ट्झला सुमारे २५. डेसिबलची मोजपट्टी गुणाकाराची असल्याने हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. खर्जाच्या सुराची सुमारे बाराव्या हिश्शाइतकी ऊर्जा भिंतीमागे पोचते, १००० हर्ट्झच्या सुराची पंचाहत्तराव्या हिश्शाच्या आसपास, आणि ४००० हर्ट्झची तीनशेव्या हिश्शाइतकी. सावली गडद असते तिथे साधारण नियम असा, की सूर एक सप्तक चढला की भिंत ३ डेसिबल जास्त अडवते.

सर्वांत वरचा आकडा मात्र कागदावरचा आहे. उघड्यावर हवा कधी स्थिर नसते. तिच्यातल्या भोवऱ्यांवरून थोडा आवाज विखुरतो आणि भिंतीमागे उतरतो. समोरच्या इमारतींवर आपटून परतणारा आवाजही त्यात मिसळतो. म्हणून एकट्या भिंतीकडून २० डेसिबलपेक्षा फार जास्त घट अभियंते धरत नाहीत. वारा रस्त्याकडून घरांकडे वाहत असेल किंवा रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असेल, तर ध्वनीच्या वाटा खाली झुकतात आणि तेवढीही घट मिळत नाही.

भिंत वाढवून खर्ज अडवता येईल का? वरच्या उदाहरणात ३ मीटरची भिंत ४ मीटर केली, तर वाटेतला फरक दुप्पट होतो, पण १२५ हर्ट्झची घट ११ वरून १३ डेसिबलवर जाते, बस. ३ मीटरची भिंत १००० हर्ट्झला जेवढी अडवते, तेवढेच १२५ हर्ट्झला अडवायचे तर भिंत ८ मीटर उंच बांधावी लागेल. तिचा पाया, तिच्यावरचा वाऱ्याचा दाब आणि तिचा खर्च पाहता हा मार्ग क्वचितच परवडतो. जागा बदलून मात्र फुकटात काही मिळते. भिंत रस्त्याला खेटून किंवा घराला खेटून असली तर वळसा मोठा पडतो. त्याच ३ मीटरच्या भिंतीला नेमके मधोमध नेले, तर ६३ सेंटिमीटरचा फरक निम्म्यावर येतो. मधली जागा ही सर्वांत वाईट जागा.

भिंतीचे वजन वाढवूनही यात काही साधत नाही. हलक्या पत्र्यातून किंवा फटीतून आवाज थेट आत येतो, म्हणून पडद्याला पुरेसे वजन हवे. प्रत्येक चौरस मीटरला १० ते २० किलो वजन असलेला, फटी नसलेला पडदा बहुतेक ठिकाणी पुरतो. त्यापुढे माथ्यावरून येणारा आवाजच वरचढ ठरतो, आणि भिंत दुप्पट जाड केली तरी तो तसूभरही कमी होत नाही.

भिंत उभारल्यावर रहिवासी आणि यंत्र यांचे मत जुळत नाही, त्याचे मूळही इथेच आहे. भारतात ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, ती ‘ए’ मापाने. मंद खर्ज कानाला कमी जाणवतो, म्हणून या मापात तो मुद्दाम कमी धरला जातो. १२५ हर्ट्झच्या आवाजातून तर १६ डेसिबल वजाच होतात. वेगाने धावणाऱ्या मोटारींचा आवाज मुख्यतः टायर आणि रस्त्याच्या घर्षणाचा असतो आणि त्याचा जोर १००० हर्ट्झच्या आसपास असतो. त्यामुळे अशा रस्त्यावर भिंत घालताच मापकाचा काटा समाधानकारक उतरतो. पण जिथे ट्रक चढावर कमी गियरमध्ये रेटत असतात किंवा नाक्यावर इंजिन चालू ठेवून थांबतात, तिथे मूळ आवाजच खर्जाचा असतो. त्यात बंद खिडकीची काचही टिपेचा आवाज जास्त आणि खर्जाचा कमी अडवते. घरात उरते ती बहुतांशी घरघर. रहिवाशांची तक्रार खरी असते आणि मापकाचा आकडाही खोटा नसतो. अशा ठिकाणी एकाच आकड्यावर न थांबता प्रत्येक सप्तकाची पातळी वेगळी मोजून घ्यावी. भिंतीने काय अडवले आणि काय सोडले, ते त्यातच दिसते.

हा सगळा हिशेब कान भिंतीच्या सावलीत असेल तरच लागू पडतो. त्याच ३ मीटरच्या भिंतीमागे २० मीटरवर इमारत असेल, तर जमिनीपासून १२ मीटर उंचीवरच्या, म्हणजे साधारण चौथ्या मजल्यावरच्या कानाकडे जाणारी सरळ रेषा भिंतीच्या माथ्याला जवळजवळ घासून जाते. तिथे अर्धी लाट झाकलेली आणि अर्धी मोकळी असते. त्यामुळे टिपेचा असो वा खर्जाचा, प्रत्येक सूर जेमतेम ५ डेसिबलने कमी होतो. त्याच्या वरच्या मजल्यावरून रस्ता थेट दिसू लागतो आणि त्या घरांसाठी भिंतीचा उपयोग जवळपास संपतो.