बिघाड शोधण्यात गेलेले तास

रात्री दोनची वेळ. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातलं मशीन मध्येच थांबतं. मोटर ठीक आहे, फ्यूज ठीक आहे, हवेचा दाबही पुरेसा आहे. पाळीवरचा टेक्निशियन पॅनल उघडतो, दोन रिले बदलून बघतो, वायरी हलवून बघतो. शेवटी मशीन पुरवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन जातो. तो सकाळी येतो, लॅपटॉप जोडतो आणि थोड्याच वेळात एका प्रॉक्झिमिटी सेन्सरकडे बोट दाखवतो. सेन्सरच्या तोंडावर लोखंडाचा कीस साचलेला असतो. फडक्याने पुसल्यावर मशीन सुरू.

अशा रात्री वाढल्या की मेंटेनन्स हेड व्यवस्थापनाला पत्र लिहायला बसतो: टेक्निशियनना पीएलसी शिकवायचं आहे, पैसे मंजूर करा. पुष्कळदा हे पत्र ‘कौशल्यवृद्धी काळाची गरज आहे’ अशा वाक्याने सुरू होतं आणि फायलीत पडून राहतं. मंजूर होणारं पत्र ब्रेकडाऊन रजिस्टरपासून सुरू होतं.

पीएलसी म्हणजे मशीनचा क्रम सांभाळणारा छोटा संगणक. 1960 च्या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंनी भरलेल्या पॅनलला पर्याय हवा होता; मॉडेल बदललं की सगळं वायरिंग नव्याने करावं लागे. त्यातून 1969 च्या सुमारास ‘मॉडिकॉन 084’ आला. त्याचा प्रोग्राम शिडीसारख्या आकृतीत मांडलेला होता, म्हणजे रिलेची सर्किटं वाचणाऱ्या इलेक्ट्रिशियनला तो ओळखीचा वाटावा. ही ‘लॅडर’ पद्धत आजही सर्रास वापरली जाते. त्यामुळे आयटीआय झालेल्या माणसाला ती शिकणं अवघड नाही.

इनपुट कार्डावर दिवे असतातच, ते बघायला लॅपटॉप लागत नाही. पण त्या डझनावारी दिव्यांपैकी मशीन या क्षणी नेमक्या कोणत्या सिग्नलची वाट बघतंय, ते प्रोग्राममध्येच कळतं. लॅपटॉपवर ती ओळ उघडली की गार्ड बंद, हवेचा दाब ठीक, पण ‘जॉब जागेवर’ ही अट अपुरी, असं समोर दिसतं. मग थेट त्या सेन्सरपाशी जायचं.

म्हणून पत्रात बंद पडलेल्या वेळेचे दोन भाग करावे लागतात: बिघाड शोधण्यात किंवा बाहेरच्या माणसाची वाट बघण्यात गेलेला वेळ आणि प्रत्यक्ष दुरुस्तीचा वेळ. समजा, तीन महिन्यांत कंट्रोलच्या बिघाडांमुळे मशीन 42 तास बंद राहिलं, त्यातले 31 तास शोधण्याचे आणि वाट बघण्याचे. प्रशिक्षण कमी करू शकतं ते या 31 तासांना. गिअरबॉक्स फुटला तर पीएलसी शिकून काही उपयोग नाही. असे बिघाड हिशेबातून आधीच वगळलेले बरे.

पुढे रुपये. तासाचं नुकसान विक्रीच्या किमतीवर मोजलं की अकाउंट्सवाले पहिल्याच ओळीला अडवतात, कारण माल बनला नाही तर कच्चा मालही वाचतो. त्यामुळे तो खर्च वजा करून राहणारी रक्कम घ्यायची. ती तासाला 18,000 रुपये धरली आणि 31 पैकी 15 तासच वाचतील असं मानलं, तरी तिमाहीला 2 लाख 70 हजार होतात.

खर्चाच्या बाजूला चार जणांची फी 1 लाख, लॅपटॉप, सॉफ्टवेअरचं लायसन्स आणि केबल 1 लाख 10 हजार, सरावाचं छोटं पॅनल 90 हजार. एक रक्कम हमखास सुटते: माणूस वर्गात असताना त्याच्या पाळीवर येणाऱ्याचा ओव्हरटाइम, समजा 40 हजार. एकूण 3 लाख 40 हजार, म्हणजे चार महिन्यांच्या आत वसुली.

व्यवस्थापनाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शिकलेला माणूस नोकरी सोडून गेला तर? त्यावर उत्तर एवढंच की एकाला न शिकवता प्रत्येक पाळीत एकाला शिकवायचं आणि प्रोग्रामची प्रत कारखान्याकडेच ठेवायची.

दुसरी भीती जास्त खरी आहे. सॉफ्टवेअरमधून एखादा इनपुट ‘फोर्स’ करता येतो, म्हणजे नसलेला सिग्नल आहे असं पीएलसीला भासवता येतं. उत्पादनाच्या घाईत कुणी ‘जॉब जागेवर’ फोर्स केला, तर जॉब नसतानाही मशीन फिरेल आणि आत हात असेल तर तोही सापडेल. म्हणून पत्रातच मर्यादा लिहायची: पहिल्या टप्प्यात टेक्निशियन प्रोग्राम फक्त वाचतील, बदलणार नाहीत आणि फोर्सही करणार नाहीत. बदलाचा पासवर्ड इंजिनिअरकडे, बदलाआधी बॅकअप आणि रजिस्टरमध्ये कारणासह नोंद.

शेवटच्या परिच्छेदात मागणी आणखी सोपी करता येते. आधी दोघांचीच फी आणि लॅपटॉपचा खर्च मागायचा, पाळी अडणार नाही असं वेळापत्रक जोडायचं आणि प्रशिक्षणानंतर तीन महिन्यांनी रजिस्टरमधला शोधण्याचा वेळ पुन्हा मांडण्याची तारीख द्यायची. उरलेल्या दोघांचा निर्णय व्यवस्थापनाने ते आकडे बघून घ्यावा.