आईचा साज मुशीत जाण्याआधी

“काका, आईचा साज मोडायचा आहे, पण सगळा नाही.” कोल्हापूरच्या गुजरीतल्या घरोब्याच्या सराफाला एका मुलीने लिहिलेल्या पत्राची ही सुरुवात. आईने पन्नासेक वर्षांपूर्वी लग्नात घातलेला कोल्हापुरी साज आता सणासुदीला तेवढा कपाटातून निघतो. मुलीला त्यातून रोज वापरता येईल अशी साखळी, कानातली, अंगठी आणि एक बारीक बांगडी करून हवी आहे.

पत्रात तिने पहिल्यांदा वजनाचा विषय काढला आहे. जुन्या पावतीवर ‘५ तोळे’ असे लिहिले आहे. आज दुकानात तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात, पण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे आईचे पाच तोळे ५० नव्हे, तर ५८ ग्रॅमच्या वर होतात. काट्यावर मात्र साज ६६ ग्रॅम भरतो. हे जादा वजन लाखेचे आणि दोऱ्याचे आहे. साजाचे जावमणी आणि पानड्या पातळ पत्र्याच्या असतात आणि त्या दबू नयेत म्हणून आत लाख भरलेली असते.

मुलीने मासा, कासव, कमळ आणि शंख या चार पानड्या बाजूला काढायला सांगितल्या आहेत. त्यांचे वजन लाखेसकट ६ ग्रॅम. माशाचे लॉकेट करायचे आणि बाकीच्या तीन तशाच परत द्यायच्या. इथे कारागिराचे एक काम वाढते. लाख थोड्या उष्णतेनेही वितळते, आणि कडी डाकाने जोडायची तर पानडी त्याहून कितीतरी जास्त तापवावी लागते. म्हणून आधी लाख काढायची, मग डाक लावायचा आणि शेवटी पुन्हा लाख भरायची. हे टाळून घाईत जोड दिला की लाख उकळून बाहेर येते आणि नक्षीचा पत्रा फुगतो किंवा फाटतो.

उरलेला ६० ग्रॅमचा साज मुशीत जायचा आहे. लाख आणि दोरा काढल्यावर त्यातून ५३ ग्रॅम धातू मिळाला असे धरू. वितळवल्यावर मळ, उरलीसुरली लाख आणि डाकातल्या जस्तासारख्या धातूंचा काही भाग जळून जातो, आणि हातात ५२.४ ग्रॅमची लगड येते. इतकी तूट समजण्यासारखी आहे. लाख काढल्यानंतरचे वजन लिहिलेले नसेल, तर मात्र सात ग्रॅम लाख गेली की सोने गेले, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. म्हणूनच तिने लिहिले आहे, “लाख काढल्यावर एकदा आणि गाळल्यावर एकदा, दोन्ही वजनं माझ्यासमोर व्हावीत.”

यानंतर प्रश्न शुद्धतेचा. कसोटीच्या दगडावर घासून वरच्या थराचाच कस कळतो. क्ष-किरणांचे यंत्रही पृष्ठभागच वाचते. साजात जोड पुष्कळ, आणि डाकातले सोने कमी कसाचे असते. त्यामुळे पानडीवर २२ कॅरेट दिसले, तरी सगळे गाळून एकजीव केल्यावर आकडा खाली येतो. खरी तपासणी लगडीची, आणि ती हॉलमार्किंग केंद्रातही करून घेता येते. लगड ८८ टक्के निघाली, तर त्यात शुद्ध सोने ४६.१ ग्रॅम. मुलीला हवे असलेले चार नग मिळून ३५ ग्रॅमचे. २२ कॅरेटमध्ये म्हणजे ९१.६ टक्क्यांनी त्यांना ३२.१ ग्रॅम शुद्ध सोने लागते. उरलेले १४ ग्रॅम तिचेच आहे. त्यातून घट वजा व्हायची असेल, तर ती किती टक्के आणि मजुरी त्यात धरली आहे की वेगळी, हे तिने आधीच विचारून ठेवले आहे.

पत्रातले एक वाक्य कराशी जोडलेले आहे: “माझंच सोनं गाळून करून द्यावं, बदली नको.” तिच्याच सोन्यावर काम झाले तर ती मजुरी ठरते आणि मजुरीवर ५ टक्के जीएसटी लागतो. सराफाने जुने सोने विकत घेऊन दुकानातला तयार दागिना दिला, तर ती विक्री होते, आणि नव्या दागिन्याच्या किमतीवर ३ टक्के कर बसतो.

नवे दागिने हॉलमार्क करून घ्यावेत, हेही तिने लिहिले आहे. त्यावर सहा अक्षर-अंकांची एचयूआयडी खूण येते आणि ती बीआयएस केअर ॲपवर तपासता येते. आईच्या जुन्या साजावर अशी कोणतीच खूण नव्हती.

घरातला जुना दागिना मोडायला देणाऱ्या प्रत्येकीने असे पत्र द्यावे. ठेवायच्या नगांची नावे, दागिन्याचा फोटो आणि सुरुवातीचे वजन त्यात असावे, आणि सराफाच्या सहीची एक प्रत, दागिने हातात पडेपर्यंत, आपल्याकडे ठेवावी.