ऑफर लेटरमधला पगार कमी वाटला तर उत्तर कसं लिहायचं?

नोकरीची ऑफर ई-मेलवर आली की आपल्या घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "मिळाली ना? बस, आता सही करून टाक." अम्मी मिठाई मागवते, अब्बा मोहल्ल्यात सांगून येतात, आणि पत्रातला पगाराचा आकडा नीट वाचायचा राहून जातो. पगाराबद्दल बोलणं म्हणजे बेअदबी, अशीही एक समजूत आहे. मुलींच्या बाबतीत तर जास्तच. पण खाजगी कंपनीत पहिल्या ऑफरवर बोलणी होणार हे एचआरवाल्यांनी बहुतेक वेळा धरलेलंच असतं. प्रश्न एवढाच, की ती बोलणी लिहून कशी करायची.

आमच्या एका माजी विद्यार्थिनीचं उदाहरण घेऊ. बी. कॉम., मग तीन वर्षं आमच्याच गावात एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम, पगार महिना १५,००० रुपये. तिला पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीने अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह म्हणून घेतलं. ऑफर होती वार्षिक ३,००,००० रुपये सीटीसी. घरचे खूश, कारण हिशेब सोपा वाटला : महिना २५,०००, म्हणजे दहा हजारांची वाढ.

हिशेब तेवढा सोपा नाही. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणारा एकूण खर्च, हातात येणारा पगार नव्हे. तिच्या पत्राच्या शेवटी जो तक्ता होता, त्यात बेसिक १२,५०० होतं. कंपनी पीएफमध्ये जो १२ टक्के वाटा भरते, ते १,५०० रुपये त्या २५,००० मध्येच धरलेले. ग्रॅच्युइटीची तरतूद म्हणून ६०१ रुपये, तेही त्यातच. उरले २२,८९९. त्यातून तिच्या स्वतःच्या वाट्याचे पीएफचे १,५०० कापले जाणार. हातात २१,३९९. व्यवसाय कर तिला लागणार नव्हता, कारण महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो माफ आहे. मुलगा असता तर आणखी २०० गेले असते. पीएफ आपलाच पैसा आहे हे खरं, पण खोलीचं भाडं पीएफमधून देता येत नाही. म्हणून आधी हा तक्ता वाचायचा. पत्रात नसेल तर एचआरकडून मागून घ्यायचा. तो मागण्यात काही गैर नाही.

पुढचं काम म्हणजे बाजारात या कामाला काय देतात ते पाहणं. इथे मुलं घाई करतात. 'अकाउंटंटचा पगार' असं शोधून जो सगळ्यात मोठा आकडा दिसतो तो उचलतात. ॲम्बिशनबॉक्स, ग्लासडोअरसारख्या ठिकाणचे आकडे लोकांनी स्वतः भरलेले असतात. अंदाजाला ठीक, पण पत्रात त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवरच्या ज्या जाहिरातींत पगार छापलेला असतो, त्या जास्त कामाच्या. मात्र शहर तेच, अनुभव तेवढाच आणि काम तेच हवं. तिने आठवडाभरात अशा अकरा जाहिराती जमवल्या. त्यातल्या चार काढून टाकल्या, कारण दोन ठिकाणी सीए इंटर मागितलं होतं आणि दोन मुंबईच्या होत्या. उरलेल्या सातांत ३,४०,००० ते ४,२०,००० असे आकडे होते. (हे तिच्या शोधातले आकडे आहेत. आजचा दर म्हणून ते धरू नका, आपला शोध आपण करा.) शिवाय पुण्यात याच कामात असलेल्या दोघांना तिने फोन केला. "तुमचा पगार किती?" असं विचारलं की माणूस अवघडतो. "तीन वर्षांच्या अनुभवावर तिकडे साधारण किती देतात?" असं विचारलं की मोकळेपणाने सांगतो.

मग दोन आकडे ठरवायचे. एक पत्रात मागायचा, दुसरा फक्त आपल्या वहीत : याच्या खाली गेलं तर नाही म्हणायचं. तिने मागायला ३,८४,००० ठरवले, मध्यापेक्षा जरा वर. ४,२०,००० मागितले असते तर ती जाहिरातींतली सगळ्यात वरची पायरी झाली असती आणि तिथे टिकायला तसा अनुभव दाखवावा लागला असता. वहीतला आकडा ३,३६,०००. पुण्यातली खोली, मेस, गावाकडे येणं-जाणं, घरी पाठवायचे पैसे, हा सगळा हिशेब त्या वहीतल्या आकड्यात जातो. पत्रात त्यातलं काही जात नाही.

मुलं अडतात ती इथेच, आणि यात आम्हा शिक्षकांचाही हात आहे. शाळेत मराठी असो की उर्दू, आपण रजेचा अर्ज शिकवतो : "आपला आज्ञाधारक", "उपकृत करावे". मुलांच्या हातात तोच सूर बसलेला असतो. म्हणून पत्रात येतं की वडील आजारी आहेत, बहिणीचं लग्न आहे, पुणे महाग आहे, तरी कृपा करून पगार वाढवावा. हे सगळं खरं असतं, पण कंपनी आपल्या गरजेला पगार देत नाही, कामाला देते. ज्या एचआर अधिकाऱ्याच्या हातात हे पत्र पडतं, तिला पुढे वरच्या साहेबाकडे मंजुरी मागायची असते. "मुलीच्या घरी अडचण आहे" हे ती तिकडे सांगू शकत नाही. "बाजारात दर हा आहे आणि हिला हे-हे काम येतं" हे सांगू शकते. आपलं पत्र म्हणजे तिच्या हातात दिलेलं कारण असतं.

दुसरं टोकही वाईट : "इतके द्याल तरच येईन." आपल्याकडचा करार कायदा १८७२ सालचा आहे. त्यानुसार प्रस्ताव स्वीकारायचा तर बिनशर्त स्वीकारावा लागतो. तुम्ही वेगळी अट घातली तर तो नवा प्रस्ताव ठरतो आणि पहिली ऑफर पाळण्याचं बंधन कंपनीवर राहत नाही. व्यवहारात विनम्र पत्रावरून ऑफर काढून घेतल्याचं क्वचितच घडतं, तरी शब्द अटीचे नकोत, विचारणेचे असावेत. "करता येईल का?" एवढ्याने काम होतं.

तिने पाठवलेलं पत्र असं होतं. कंपनीचं पत्र इंग्रजीत असेल तर उत्तरही साध्या इंग्रजीत द्यावं. इथे आम्ही मराठीत देतो आहोत.

> विषय : अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह पदाची ऑफर – पगाराबाबत विनंती
>
> आदरणीय मॅडम,
>
> या पदासाठी माझी निवड केल्याबद्दल आभार. मुलाखतीत कामाचं स्वरूप समजलं, ते मला आवडलं आणि आपल्याकडे रुजू होण्याची माझी इच्छा आहे.
>
> ऑफरमध्ये वार्षिक सीटीसी ३,००,००० रुपये आहे. पुण्यात याच पदासाठी दोन ते चार वर्षांचा अनुभव आणि जीएसटीचं काम मागणाऱ्या सध्याच्या जाहिरातींत साधारण ३,४०,००० ते ४,२०,००० रुपये दिसतात.
>
> गेली तीन वर्षं मी २२ व्यापाऱ्यांची जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी ही विवरणपत्रं स्वतंत्रपणे तयार करून भरते. खरेदीच्या नोंदी दर महिन्याला जीएसटीआर-२बीशी ताडून पाहते, जेणेकरून इनपुट क्रेडिट सुटत नाही. हे काम आपण सध्या बाहेरच्या सल्लागाराकडून करून घेता, असं मुलाखतीत समजलं. ते मी पहिल्या महिन्यापासून सांभाळू शकेन.
>
> हे लक्षात घेऊन सीटीसी ३,८४,००० रुपये करता येईल का? याबद्दल फोनवर बोलायलाही मी उपलब्ध आहे.
>
> आपली विश्वासू

पत्रात आकडा एकच आहे हे पाहा. "साडेतीन ते चार लाख" असं लिहिलं की समोरच्याला साडेतीनच ऐकू येतं. 'मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे' हेही कुठे नाही. ते सगळेच लिहितात. २२ व्यापारी आणि २बीची जुळवणी, हे तिनेच लिहिलं. मुलाखतीत कान उघडे ठेवल्यामुळे बाहेरच्या सल्लागाराची गोष्ट तिला कळली होती, आणि पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य तेच ठरलं.

दुसरीकडची ऑफर नसेल तर आहे म्हणून लिहू नये. "ते पत्र पाठवा" असं म्हटलं की तोंड लपवायची वेळ येते. जुना पगारही फुगवून सांगू नये. पगाराच्या स्लिप आणि बँकेचं स्टेटमेंट मागतातच. फोनवर तिला विचारलं गेलं, "सध्या १५,००० आहे, मग एवढी उडी कशी?" तिने शांतपणे सांगितलं, की तो गावातल्या लहान ऑफिसचा पगार आहे, आणि मी पुण्यातल्या या पदाच्या कामाबद्दल बोलते आहे. तिच्या अब्बांना स्वतः फोन करून बोलायचं होतं. आम्ही त्यांना थांबवलं. वडिलांचा फोन गेला की कंपनीला वाटतं, ही मुलगी उद्या कामावरही स्वतः बोलणार नाही.

पत्र जावं ते लेखी ऑफर आल्यावर एक-दोन दिवसांत, आणि स्वीकारण्याआधी. सही करून नंतर मागणं शोभत नाही आणि चालतही नाही. सरकारी नोकरीत किंवा अनुदानित शाळेत वेतनश्रेणी ठरलेली असते, तिथे या पत्राला जागाच नाही. कॉलेजमधून एका वेळी शे-दोनशे मुलं घेणाऱ्या मोठ्या कंपन्याही फ्रेशरला सहसा आकडा बदलून देत नाहीत. तिथे रुजू होण्याची तारीख किंवा कामाचं शहर याबद्दल विचारता येतं.

तिला तिसऱ्या दिवशी फोन आला : ३,३०,०००, आणि सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार. वहीतल्या आकड्यापेक्षा सहा हजार कमी. तिने फोनवर हो म्हटलं नाही, एक दिवस मागितला आणि लिहिलं, की ३,६०,००० झाल्यास मी लगेच स्वीकारते, सहा महिन्यांच्या फेरविचाराची गरज नाही. दुसऱ्यांदा मागण्याची ही एकच वेळ. तिसऱ्यांदा गेलं की माणसं वैतागतात. तोंडी कबूल केलेला फेरविचार तर सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. तारीख आणि रक्कम पत्रात नसेल तर तो शून्य धरावा.

कंपनीने ३,६०,००० मान्य केले. बेसिक १५,००० झालं, पीएफ दोन्ही बाजूंनी १,८००, आणि एकूण पगार २५,००० च्या वर गेल्यामुळे आता व्यवसाय कराचे २०० कापले जाणार. तरी हातात २५,४७८ येणार, म्हणजे पहिल्या ऑफरपेक्षा महिना ४,०७९ जास्त. सुधारित पत्र ई-मेलवर आलं, तिने तक्ता पुन्हा तपासला, रुजू होण्याची तारीख पाहिली, एका ओळीत स्वीकार कळवला. जुन्या ऑफिसात राजीनामा त्यानंतर दिला.